थंड्या चुलीचे दिवस

चिंतामण गणपतीच्या देवळात नवस बोलायची उज्जैनची रीत जरा उफराटी आहे. देवळाच्या मागच्या भिंतीवर कुंकवाने उलटं स्वस्तिक, म्हणजे तिथला साथिया, काढायचं, मनातलं मागणं सांगायचं आणि घरी यायचं. मागणं पुरं झालं की पुन्हा जाऊन तेच स्वस्तिक सरळ काढायचं. भिंत उलट्यासुलट्या स्वस्तिकांनी लालेलाल झालेली असते. कुणाचं मागणं कोणतं हे गणपतीला कळत असेल तर कळो, माणसाला कळायची सोय नाही.

भाद्रपदातल्या चतुर्थीला भय्यासाहेबांनी सुनेला तांग्यात बसवून तिथे पाठवलं, ते परवाना मिळावा म्हणून. बरोबर साजूक तुपातले एकवीस मोदक दिले. चारुलताने मोदक देवापुढे ठेवले, मागच्या भिंतीशी गेली, बोट कुंकवात बुडवलं आणि उलटं स्वस्तिक काढलं. मग हात जोडून तिने सासऱ्याच्याच मोदकांवर सासऱ्याच्या विरुद्ध मागणं मागितलं. देवा, परवाना मिळू देऊ नकोस.

परत येताना तांग्यात ती अशी रडवेली होऊन बसली होती की तांगेवाल्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

हा परवाना बारुदीचा होता. भय्यासाहेबांचं घराणं पेशव्यांच्या सरदारांबरोबर दक्षिणेतून माळव्यात आलेलं. पूर्वज शिंदे सरकारच्या बारूदखान्यावर कारकून होते. पुढे तोफा थंडावल्या तशी घराण्याने आतषबाजी हाती घेतली. दिवाळीचे भुईनळे, लग्नाच्या चंद्रज्योती, आणि सगळ्यांत मानाचं काम वैकुंठ चतुर्दशीचं. त्या दिवशी महाकालाची पालखी गोपाळमंदिरात विष्णूला भेटायला जाते, आणि त्या भेटीवर उडणारे बाण याच घरातले असत. भय्यासाहेब हे सांगायला लागले की त्यांची मान आपोआप ताठ होई. ऐकणाऱ्याचीही होई, खोटं कशाला सांगू.

पण बाण आभाळात फुटण्याआधी बारूद घरात कुटावी लागते. घर कार्तिक चौकामागच्या एका गल्लीत. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरच्या दोन बायका आपापल्या खिडकीत बसून एकाच सुपातलं धान्य निवडतील. त्या घराच्या मागच्या अंगणात एक खोली होती. कोजागिरी झाली, हवा कोरडी पडली की त्या खोलीत सोरा, गंधक आणि रुईचा कोळसा एकत्र व्हायचा. लाकडी खल, लाकडी बत्ता, तांब्याचे चमचे. लोखंडाचा खिळासुद्धा नाही. कुटणारा माणूस अनवाणी, अंगावर एक सुती पंचा. कुटताना त्याला कुणी हाक मारायची नाही.

आणि त्या दिवसांत सगळ्या गल्लीत चूल पेटायची नाही.

ही गोष्ट चारुलताला लग्न होऊन आल्यावर पहिल्या वर्षीच कळली. ती देवासची, शाळामास्तरांची लेक. कोजागिरीनंतर एका सकाळी ती चहाला आधण ठेवायला गेली तर समोरच्या माणिकमावशी धावत आल्या आणि तिच्या हातातली काड्यापेटी काढून घेतली. म्हणाल्या, "अगं, दारावर बघितलं नाहीस का?" दारावर भेरूगढची छापील लाल चादर टांगलेली होती, पाण्याने निथळत. ती ओली चादर दारावर आहे तोवर गल्लीत विस्तव नाही. पोहे भिजवायचे, दही-दशमी खायची, दूध थंड प्यायचं. बिडी ओढणारे चौकात जाऊन ओढत. संध्याकाळी चादर उतरली की चुली पेटत. असं पाच-सात दिवस चाले.

"माळव्यात शीतळासातमीला सगळे शिळं खातात ना," माणिकमावशी हसून म्हणाल्या होत्या, "आपल्या गल्लीत शीतळामाता वर्षातून दोनदा येते." सगळी गल्ली या गोष्टीवर हसायची. चारुलताही हसली होती. मग तिला सुलू ही लेक झाली आणि तिचं हसू थांबलं.

आता भय्यासाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. कोळसा किती काळा झाला हे त्यांना पूर्वी नजरेने कळे, आता चिमटीत धरून पाहावं लागे. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही, आणि त्यांच्या नावावरच्या परवान्याची मुदत यंदा संपत होती. म्हणून त्यांनी ठरवलं, यंदा तो यज्ञेश्वरच्या नावावर करून घ्यायचा. यज्ञेश्वर म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, चारुलताचा नवरा, रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला. स्वभावाने इतका मऊ की वडिलांनी बैस म्हटलं की बसायचा आणि ऊठ म्हटलं की उठायचा.

"तुम्हाला बसायचंय का त्या खोलीत?" चारुलताने एकदा त्याला विचारलं.

"भय्यासाहेबांना नाही कोण म्हणणार?" यज्ञेश्वर म्हणाला.

तिने विचारलं होतं एक आणि उत्तर आलं दुसरं. पण त्या उत्तरात सगळं होतं. त्याला नाही म्हणता येत नव्हतं. तिला तर त्याहून नाही. सून येऊन घराण्याचं काम बंद पाडते म्हणजे काय? म्हणून ती गणपतीकडे गेली. दुसरं कोण होतं तिला?

अर्ज कोठीवर गेला. कोठी म्हणजे कलेक्टर कचेरी. अर्ज यज्ञेश्वरचा, पण त्यामागची सगळी धावपळ भय्यासाहेबांची. ठाण्यातून शिपाई आला, चौकशी करून गेला. पोलिसांचा शेरा चांगला पडला. शेजाऱ्यांची हरकत आहे का, हे विचारायला तहसिलीचा माणूस यायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी भय्यासाहेब स्वतः टोपी घालून दारोदार गेले. प्रत्येक घरी बसले, सुपारी खाल्ली, म्हणाले, "मुलाच्या नावे करतोय हो. तुमचा आशीर्वाद असू द्या." ज्यांच्या घरी लेकीच्या लग्नात भय्यासाहेबांनी फुकट चंद्रज्योती उडवल्या होत्या, त्यांनी काय सांगावं? सगळ्या गल्लीने सही केली. कुणाचीच हरकत नाही. माणिकमावशींनी अंगठा उठवला.

तो अंगठा उठवून मावशी चारुलताकडे पाणी प्यायला आल्या. पाणी पिऊन त्यांनी अंगठ्याची शाई पदराला पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी निरोप आला की कलेक्टरसाहेब स्वतः जागा पाहायला येणार. घरात लगीनघाई उडाली. अंगण सारवलं, खोली पुसली. शिंदेशाहीची जुनी सनद पेटीतून काढून, झटकून तबकात ठेवली. टावर चौकातले वकील दत्तात्रय हे भय्यासाहेबांच्या मावसभावाचे चिरंजीव. तेही काळा कोट घालून आले. चारुलता स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. तिथून ओसरी दिसायची आणि सगळं ऐकू यायचं.

वकिलांनी आल्या आल्या भय्यासाहेबांना बाजूला घेतलं.

"काका, एक सांगतो. साहेबांपुढे हक्क हा शब्द काढू नका."

"का काढू नये? चार पिढ्यांचा धंदा आहे. आता तर म्हणे घटनेनेच दिलाय सगळ्यांना, हवा तो धंदा करायचा हक्क."

"दिलाय. पण हवा तो म्हणजे वाटेल तो नव्हे. दोन वर्षांपूर्वी सुप्रीम कोर्टापुढे अजमेरचा एक खटला झाला, दारूच्या ठेक्याचा. कोर्टाने साफ सांगितलं, दारू विकायचा उपजत हक्क कुणालाच नाही. सरकार पाहिजे तर देईल, अटी घालून देईल, पाहिजे तर अजिबात बंद करेल."

"मी काय कलाल आहे?"

"नाही हो. पण दारू, बंदूक, बारूद, विष, सगळं एकाच रांगेत बसतं. कापडाचं दुकान काढायचं तर सरकारनं सिद्ध करावं लागतं की तुम्हाला का अडवतो. इथे आपण सिद्ध करायचं की आपल्याला का द्यावं. म्हणून म्हणतो, हक्क सांगायचा नाही, खात्री पटवायची. कामात किती काळजी घेतो तेवढंच सांगा."

भय्यासाहेबांना ते पटलं. काळजीबद्दल तर त्यांना दिवसभर बोलता आलं असतं.

कलेक्टरसाहेब उत्तरेकडचे, मध्यम वयाचे, आवाज खालचा. बरोबर तहसीलदार. साहेबांनी बूट बाहेर काढले, खोली पाहिली, खल पाहिला, दाराची रुंदी पाहिली. अंगणाच्या भिंतीपलीकडे काय आहे ते विचारलं. पलीकडे दुसऱ्या घराचं स्वयंपाकघर होतं. मग ते ओसरीवर बसले. सनद त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, वाचली आणि आदराने परत ठेवली.

"ये तो बहुत बड़ी इज्जत की बात है," ते म्हणाले. "लेकिन ये आपके पुरखों के बारे में है. मुझे इस कमरे के बारे में बताइए."

झालं. भय्यासाहेब खुलले. त्यांची हिंदी मराठीत भिजलेली, पण ओघ असा की तहसीलदारही मान डोलवायला लागले. लोखंड कसं नाही, रेशीम कसं चालत नाही, कुटणारा आदल्या रात्रीपासून विस्तवाला कसा शिवत नाही, सगळं झालं. आणि मग ते आपल्या सगळ्यांत मोठ्या अभिमानाच्या गोष्टीवर आले.

"और साहब, हमारी गल्ली ऐसी है, ऐसी आपको पूरे मध्यभारत में मिलेगी नहीं. मैं दरवाजे पे गीली चद्दर टांगता हूं. वो दिखी, की सब घर के चूल्हे ठंडे. एक घर में दिवा भी नहीं लगता. मेरे वालिद के जमाने से. आज तक किसी ने तोड़ा नहीं. इससे ज्यादा काळजी कौन करेगा, आपही बोलो."

दत्तात्रय वकिलांनी डोळे मिटले. भय्यासाहेबांना ते दिसलं नाही. चारुलताला दिसलं.

साहेब चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "सब घर के?"

"सब घर के."

"कितने दिन?"

"पांच, सात. बस."

"छोटे बच्चों का दूध?"

"थंडा पीते हैं. आदत है."

"कोई बीमार हो, काढ़ा बनाना हो?"

"चौक में जाके बना लाते हैं."

"और भय्यासाहेब, कोई भूल जाए तो? कोई मेहमान आए, कोई नई बहू, जिसको चद्दर का मतलब मालूम न हो?"

चारुलताचा हात दाराच्या चौकटीवर घट्ट झाला. काड्यापेटी हिसकावून घेणारा माणिकमावशींचा हात तिला आठवला. त्या सकाळी मावशी खिडकीत नसत्या तर?

"आज तक कोई भूला नहीं," भय्यासाहेब म्हणाले. त्यांना ठाऊकच नव्हतं.

वकील उठले. त्यांचं काम त्यांनी मनापासून केलं, कुणी नावं ठेवू नयेत. म्हणाले, साहेब, पोलिसांचा शेरा स्वच्छ आहे. शेजाऱ्यांपैकी एकाचीही हरकत नाही, सह्या आहेत. शंभर वर्षांत अपघात नाही. मग नाकारायचं कशावर? अजमेरचा खटला दारूचा होता, आतषबाजीचा नाही.

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि शांतपणे बोलले. त्यांच्या हिंदीचा चारुलताने मनाशी जो अर्थ लावला तो असा. वकीलसाहेब, धान्याचं, कापडाचं दुकान असतं आणि मी अडवलं असतं, तर तुम्ही माझ्याकडे पुरावा मागायचा आणि मी द्यायचा. कारण तो धंदा नीट चालला तर कुणाचं काही बिघडत नाही. दारू, बंदूक, बारूद यांचं तसं नाही. हे धंदे नीट चालले तरी दुसऱ्याच्या जिवावरची जोखीम तशीच राहते. म्हणूनच सरकारला ते पुरते बंद करता येतात, आणि जे पुरतं बंद करता येतं ते सुरू असतं ते केवळ परवानगीने. परवानगी त्या माणसाला, त्या जागी, तेवढ्या मुदतीपुरती. मला माझ्या लहरीवर नाही म्हणता येणार नाही. नाही म्हटलं तर कारण लिहावं लागेल, आणि तुम्हाला नाही म्हणून शेजारच्या गल्लीत दुसऱ्याला हो म्हणता येणार नाही. पण अपघात होईपर्यंत वाट पाहायची माझ्यावर सक्ती नाही. कुणी हरकत घेईपर्यंतही नाही.

"हरकत तो किसी ने ली ही नहीं," भय्यासाहेब म्हणाले.

"वही तो," साहेब म्हणाले. "पूरी गली चूल्हा बुझाकर बैठती है और कोई हरकत नहीं लेता. ये लोग आपसे इतना प्यार करते हैं कि आपको मना नहीं कर सकते. फिर मना कौन करेगा?"

दाराआड चारुलताने पदर तोंडात धरला. ती रडत होती, पण दुःखाने नाही. आपल्या मनातलं, ज्याला आपण नाव देऊ शकत नव्हतो, ते एका परक्या माणसाने, परक्या भाषेत, सासऱ्यांचा मान ठेवून सांगितलं होतं. त्या क्षणी तिला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडली नाही, कारण सुनेनं ओसरीवर यायचं कसं? पण साहेबांच्या चहाचा कप तिने बाकीच्या भांड्यांत टाकला नाही, वेगळा घासून वेगळा ठेवला. पुढे कितीतरी वर्षं तो कप त्या घरात साहेबांचा कप म्हणून होता आणि का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

हुकूम दसऱ्यानंतर दोन दिवसांनी आला. यज्ञेश्वर कोठीवरून घेऊन आला आणि वडिलांपुढे उभा राहून वाचून दाखवला. परवाना नामंजूर. कारण, काम करायची जागा दाट वस्तीत आहे, भोवती नियमाप्रमाणे मोकळी जागा नाही, आणि सुरक्षिततेचा सगळा भार ज्यांनी परवाना मागितलेला नाही अशा शेजाऱ्यांवर पडतो. खाली लिहिलं होतं की अर्जदाराच्या घराण्याच्या सचोटीबद्दल किंवा कसबाबद्दल कुठलीही शंका नाही. वस्तीबाहेर योग्य जागा मिळाल्यास नवा अर्ज जरूर करावा.

भय्यासाहेबांनी दत्तात्रयांना बोलावलं. दत्तात्रय म्हणाले, "वर अपील करता येईल, काका. पण हुकूम पक्का आहे. कारण दिलंय, दुसऱ्या कुणावर मेहरबानी केलेली नाही, तुमच्यावर आकस नाही. यातलं एक जरी नसतं तर मी लढलो असतो. आणि आता पंधरा दिवसांत मध्यभारतच राहत नाही. नवं राज्य, भोपाळची राजधानी. अपील कुठल्या टेबलावर जाऊन पडेल देव जाणे."

"मग जमीन बघू," यज्ञेश्वर म्हणाला. "गावाबाहेर, रस्त्याकडेला कुठे."

भय्यासाहेबांनी सनद पेटीत ठेवली, पेटी लावली आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. चारुलताला वाईट वाटलं. मागितलं ते मिळालं होतं आणि तरी घासभर अन्न गोड लागेना. देवाने आपलं ऐकलं की एका भल्या माणसाने आपलं काम चोख केलं, हे तिला ठरवता येईना. मग तिने दोघांचेही आभार मानायचं ठरवलं. आणि सासऱ्यांच्या ताटात रोज एक पोळी जास्त वाढायला लागली.

कोजागिरी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भय्यासाहेब सवयीने लवकर उठले, नदीवर रामघाटावर जाऊन आले, ओसरीवर बसले. दारावर चादर नव्हती. ती आत दांडीवर कोरडी पडली होती.

आणि गल्लीत चुली पेटल्या.

आधी माणिकमावशींच्या घरून धूर आला. मग कोपऱ्यावरच्या घरातून. मग सगळीकडून फोडणीचा वास, तव्याचा आवाज, कुणाचं दूध उतू गेल्याची ओरड. कोजागिरीनंतरच्या सकाळी त्या गल्लीत हे आवाज भय्यासाहेबांनी जन्मात ऐकले नव्हते. ते ऐकत बसले. मान ताठ नव्हती.

थोड्या वेळाने माणिकमावशी ताटली घेऊन आल्या. ताटलीत गरमागरम मालपुवा. ओसरीच्या पायरीवर थांबल्या, आत यावं की नाही असं झालं त्यांना.

"भय्यासाहेब, रागावू नका," त्या म्हणाल्या. "आज पहिलाच दिवस ना, म्हणून आणलं."

"कसला पहिला दिवस?"

मावशींच्या तोंडून निघून गेलं होतं, आता परत घेता येईना. "असल्या दिवशी गरम करायचा पहिला दिवस," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या रमेशला लहानपणी खोकला व्हायचा. रात्रभर तो खोकायचा आणि मी सकाळी चादरीकडे बघत बसायची, कधी उतरते म्हणून."

"मग हे मला कधी सांगितलं नाहीत?"

"तुम्ही कधी विचारलंत?" मग त्यांनाच वाईट वाटलं. "आणि विचारलं असतं तरी नाही म्हटलं नसतं. तुम्ही आमच्या सुमनच्या लग्नात किती चंद्रज्योती उडवल्या होत्या."

भय्यासाहेबांनी ताटली घेतली. मालपुव्याचा तुकडा तोडला, खाल्ला. "छान झालाय," म्हणाले. मावशी डोळे पुसत घरी गेल्या, पण चालीत त्यांच्या हलकेपणा होता.

मग भय्यासाहेब उठले आणि स्वयंपाकघरात आले. सासरा सहसा स्वयंपाकघरात येत नाही, म्हणून चारुलता गडबडून उभी राहिली. चूल अजून पेटली नव्हती. सगळ्या गल्लीत याच घरची चूल थंड होती. तिला धीर झाला नव्हता.

"काड्यापेटी कुठाय?" ते म्हणाले.

तिने दिली. त्यांनी चुलीपुढे उकिडवं बसून काडी ओढली. पहिली विझली. कोजागिरीनंतरच्या या दिवसांत त्यांच्या हातांना काडी ओढायची सवय नव्हती. दुसरी पेटली. त्यांनी ती गोवरीखाली धरली आणि जाळ धरेपर्यंत तिथेच बसून राहिले. जाळाच्या उजेडात त्यांचा चेहरा म्हातारा दिसत होता आणि मोकळा.

"सूनबाई," ते चुलीकडे बघतच म्हणाले, "चिंतामणला उलटा साथिया काढून आलीस ना?"

चारुलताने पदर सावरला. "हो, मामंजी."

"मग सरळ करून यायला नको?"

परवाना तर मिळाला नव्हता, मग सरळ करायचं ते कशासाठी? की त्यांना ठाऊक होतं? तिला मान वर करता येईना.

"तांगेवाला मला म्हणाला होता," ते म्हणाले, "तुमची सूनबाई परत येताना रडवेली होती. परवाना मागून येणारी बाई रडवेली कशाला होईल?"

"मामंजी, मी..."

"माफी मागू नकोस. चूक नाही ती." त्यांनी गोवरी आत सरकवली. हात चुलीवर शेकले, जसे कुणीही म्हातारा ऑक्टोबरच्या सकाळी शेकतो. "उद्या जाऊ. मीही येतो. त्या भिंतीवर माझाही एक उलटा आहे. वडिलांनी मला पहिल्यांदा खलावर बसवलं ना, त्या वर्षीचा. मागणं तुझंच होतं. रंगांच्या थराखाली गाडला गेला असेल. सापडला नाही तर नवा सरळ काढू."

चारुलता खाली वाकली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. चुलीवर तिने दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत दोघांच्याही लक्षात आलं नाही.